‘३ पेक्षा जास्त’ की ‘३ किंवा जास्त’?

आशाताई तिशीपुढच्या माणसांसाठी घरोघरी जो सीबॅक फॉर्म भरतात, त्याच्या शेवटच्या भागात दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत काही करण्यात रस किंवा आनंद वाटेनासा झाला होता का, आणि उदास, खचल्यासारखं, निराश वाटत होतं का. उत्तरं चार प्रकारची: अजिबात नाही (०), काही दिवस (१), निम्म्याहून अधिक दिवस (२), जवळजवळ रोज (३). बेरीज ० ते ६. आणि खाली सूचना अशी की एकूण गुण ३ पेक्षा जास्त असले तर माणसाला समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवा.

हे दोन प्रश्न म्हणजे पीएचक्यू-२, नैराश्याची चाळणी करणारी छोटी प्रश्नावली. ज्या अभ्यासावर ही प्रश्नावली उभी आहे, त्यात पुढच्या तपासणीला पाठवण्यासाठी शिफारस केलेली रेघ ‘३ किंवा जास्त’ अशी आहे. ‘३ पेक्षा जास्त’ म्हणजे ४. फरक एका गुणाचा. या एका गुणाचं काय होतं, तो आकडा कुठून आला आणि आपल्याकडे तो तपासायचा तर कसा, एवढाच या लेखाचा विषय. नैराश्याची चाळणी करावी की नाही, हा वाद इथे उकरत नाही. ती चालू आहेच. पण चालू आहे तर तिच्या जाळीचं छिद्र केवढं, हे कुणाला तरी ठाऊक असायला हवं.

मूळ आकडा २००३ सालचा, अमेरिकेतला. प्राथमिक दवाखान्यांत आलेल्या ५८० रुग्णांनी कागदावर प्रश्नावली भरली. नंतर मानसिक आरोग्याच्या जाणकारांनी त्यांना फोन करून रीतसर मुलाखत घेतली. रुग्णाला किती गुण पडले हे मुलाखत घेणाऱ्याला माहीत नव्हतं. मुलाखतीनुसार ४१ जणांना मेजर डिप्रेशन निघालं. या ४१ पैकी ३४ जणांचे गुण ३ किंवा जास्त होते. ३४ भागिले ४१, म्हणजे ८३ टक्के: ही संवेदनशीलता. उरलेल्या ५३९ निरोगी माणसांपैकी ९० टक्क्यांचे गुण ३ च्या खाली होते: ही विशिष्टता. रेघ ४ वर नेली की संवेदनशीलता ७३ टक्के होते, म्हणजे ४१ पैकी ३०. विशिष्टता वाढून ९३ होते.

चार माणसं. एवढाच फरक, आणि त्याच्या बदल्यात निरोगी माणसांवरचे खोटे इशारे शंभरामागे दहाचे सात झाले. कुणी म्हणेल, सौदा वाईट नाही, आपल्याकडे पुढे तपासायला डॉक्टर कुठे आहेत. हा युक्तिवाद मान्य करता येतो, पण तो करून रेघ ४ वर आणली असेल तर तसं लिहिलेलं दिसायला हवं. मला ते भाषांतरातल्या घसरगुंडीसारखं वाटतं. त्याच फॉर्मच्या पहिल्या भागातही ‘४ पेक्षा जास्त’ अशी भाषा आहे, आणि ‘इतके किंवा जास्त’ हा शब्दप्रयोग सरकारी कागदावर आपोआप ‘पेक्षा जास्त’ होऊन बसतो.

त्या एका गुणामागे आणखी एक गोष्ट आहे, जी टक्केवारीत दिसत नाही. मेजर डिप्रेशनच्या निदानाला नऊ लक्षणांपैकी पाच लागतात आणि त्यांत ‘उदासी’ किंवा ‘रस नाहीसा होणे’ यांपैकी किमान एक असावं लागतं. दोन्ही असायलाच हवीत असं नाही. आता गुण पाहा. एका प्रश्नाला जास्तीत जास्त ३ मिळतात. म्हणजे रेघ ३ वर असेल तर ज्या बाईला रोज कशातच रस वाटत नाही पण ‘उदास’ हा शब्द ती स्वतःसाठी वापरत नाही, ती एकट्या त्या उत्तरावर पुढे जाते. रेघ ४ वर असेल तर एका लक्षणाच्या बळावर कुणीच पुढे जाऊ शकत नाही. निदानाची व्याख्या ‘यापैकी एक’ म्हणते आणि चाळणी ‘थोडं तरी दोन्ही’ मागते. आपल्याकडे जिथे माणूस मनाचं दुखणं अंगदुखी, झोप उडणं, ‘कशात मन लागत नाही’ असं सांगतो आणि ‘उदास’ म्हणायला कचरतो, तिथे हा फरक चार माणसांपेक्षा मोठा असण्याची शक्यता आहे.

नमुन्यादाखल एक संवाद घेऊ. आशाताई ओट्यावर बसल्या आहेत, समोर पस्तिशीची सून, आत सासूबाई भांडी लावताहेत.

“वहिनी, गेल्या पंधरा दिवसांत कामात, कशात रस वाटत नव्हता असं झालं का?”

“रस कसला ताई, काम तर करावंच लागतं.”

“म्हणजे करमत नाही का?”

“करमत नाहीच. बरेच दिवस.”

“आणि उदास वगैरे?”

“नाही नाही, तसं काही नाही.” (आतून भांड्यांचा आवाज थांबलेला.)

आता गुण द्या. ‘बरेच दिवस’ म्हणजे १, २ की ३? पंधरवड्यातले आठ दिवस म्हणजे २, बारा-तेरा म्हणजे ३. ते विचारलं नाही तर ताई आपल्या अंदाजाने २ लिहितात. उदासीला ०. एकूण २, प्रकरण संपलं. ‘आठवड्यातले किती दिवस?’ एवढं विचारून उत्तर ‘सगळेच’ आलं असतं तर एकूण ३ झाले असते, आणि तरीही या फॉर्मवर ती पुढे गेली नसती. अमेरिकेतल्या अभ्यासात माणसाने एकट्याने, कागदावर, मूळ नऊ प्रश्नांतले पहिले दोन म्हणून ही उत्तरं दिली होती. दारात, तोंडी, सासूला ऐकू जाईल असं दिलेल्या उत्तराला ८३ टक्के हा आकडा चिकटवणं म्हणजे पुण्यातल्या दुकानातला तराजू बैलगाडीत ठेवून तोळा मोजण्यासारखं आहे. तराजू खोटा नसतो, पण तो हलतोय.

यावर कुणी म्हणेल, तो तर एकच अभ्यास, त्यानंतर शंभर झाले. खरंय. २०२० साली अनेक देशांच्या अभ्यासांतली एकेका माणसाची माहिती एकत्र करून पुन्हा हिशेब झाला. जिथे जाणकाराने अर्धरचित मुलाखत घेतली होती, म्हणजे ठरावीक चौकटीत पण स्वतःची समज वापरून खोदून विचारलं होतं, तिथे रेघ ३ वर संवेदनशीलता ७२ टक्के आणि विशिष्टता ८५ टक्के निघाली. २००३ मधल्या ८३ आणि ९० पेक्षा दोन्ही कमी. यात आश्चर्य नाही. पहिल्या अभ्यासात ४१ रुग्णांवर काढलेल्या ८३ टक्क्यांची खरी किंमत ६९ ते ९१ यांत कुठेही असू शकत होती, आणि रेघ त्याच आकड्यांकडे बघून निवडली गेली होती. ज्या माणसांवर रेघ आखली त्यांच्यावरच ती तपासली तर ती जरा जास्तच सरळ दिसते.

आता ७२ आणि ८५ हेच आकडे घेऊन गावात जाऊ. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये भारतातल्या प्रौढांत त्या वेळी नैराश्य असलेल्यांचं प्रमाण २.७ टक्के सांगितलं होतं. हिशेबासाठी ३ धरू. १,००० माणसांमध्ये ३० जण आजारी. चाळणी त्यांतले २२ पकडते, ८ सुटतात. निरोगी ९७० पैकी १५ टक्के, म्हणजे सुमारे १४६ जण, उगाच अडकतात. पॉझिटिव्ह एकूण १६८, त्यांत खरे आजारी २२. साडेसातात एक.

तेच आकडे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत लावा, जिथे १,००० रुग्णांत समजा १०० जणांना नैराश्य आहे. ७२ सापडतात, १३५ जण चुकून अडकतात. २०७ मध्ये ७२, म्हणजे जवळजवळ तिघांत एक. प्रश्न तेच, रेघ तीच. ओपीडीत ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द डॉक्टरला काहीतरी सांगतो, घरोघरच्या यादीत तो खूपच कमी सांगतो. या उपकरणाचे बहुतेक अभ्यास दवाखान्यात आलेल्या माणसांवर झालेत आणि आपण ते वापरतोय दवाखान्यात न आलेल्या माणसांवर.

(इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. विशिष्टता गावात ८५ पेक्षा जास्तही असू शकेल. दवाखान्यात आलेला माणूस तापाने, गुडघ्याने, साखरेने आधीच त्रासलेला असतो, त्याला रस कसला वाटणार; घरी धडधाकट असलेल्यांत असे खोटे पॉझिटिव्ह कमी निघतील. उलट संवेदनशीलताही घसरू शकेल, कारण गावातलं नैराश्य सौम्य असतं आणि सौम्य आजार चाळणीतून सहज निसटतो. म्हणूनच वरचा हिशेब पंचांगातल्या मुहूर्तासारखा घेऊ नये. तो फक्त दिशा दाखवतो.)

त्यामुळे पॉझिटिव्हांची संख्या ‘जिल्ह्यात इतके नैराश्यग्रस्त आढळले’ अशी छापणं मला सरळ चूक वाटते. नऊ प्रश्नांच्या पूर्ण पीएचक्यू-९ चंही हेच. अनेक अभ्यासांतल्या माणसांची माहिती एकत्र करून पाहिलं तेव्हा १० किंवा जास्त गुण असलेले २४.६ टक्के निघाले आणि त्याच माणसांत मुलाखतीने ठरलेलं मेजर डिप्रेशन १२.१ टक्के. म्हणजे दुप्पट. चाळणीत अडकलेल्या खड्यांसकट तांदूळ तोलण्यातला हा प्रकार आहे.

मग महाराष्ट्रात याचा नीट अभ्यास व्हावा, ही माझी मागणी. शेजारच्या गोव्यात प्राथमिक आरोग्य सेवेतल्या ५९८ जणांवर पाच प्रश्नावल्या एकमेकींशी ताडून पाहण्याचं काम २००८ मध्येच प्रसिद्ध झालं आहे, तेव्हा हे जमण्यासारखं आहे. पण अभ्यास असा करायला हवा की त्याचा निकाल फुगणार नाही. अशा अभ्यासांतल्या पक्षपाताच्या जागा तपासायला क्वाडास-२ नावाची पद्धत आहे. ती चार ठिकाणी बोट ठेवते: माणसं कशी निवडली, चाचणी कशी घेतली, खरं निदान कशाने ठरवलं, आणि कोण वाटेत गळलं. यांतल्या तीन जागा नैराश्याच्या बाबतीत फार धोक्याच्या आहेत.

पहिली, आधीच उपचार घेणारे. चाळणीचा हेतू काय, तर ज्याचं दुखणं कुणाच्या लक्षात आलं नाही तो सापडावा. मग जिल्हा रुग्णालयातून गोळ्या आणणारा माणूस अभ्यासात घेऊन ‘बघा, चाळणीने पकडला’ म्हणण्यात काय हशील? तो आधीच पकडलेला आहे, शिवाय त्याला प्रश्न ओळखीचे असतात आणि उत्तरं देण्याची भीड मोडलेली असते, त्यामुळे संवेदनशीलता वाढते. २०११ मध्ये कुणी मोजून पाहिलं तेव्हा १९७ अभ्यासांपैकी जेमतेम ८ अभ्यासांनी अशा माणसांना मुद्दाम वगळलं होतं. आपल्या अभ्यासात पहिला प्रश्न हाच असावा: मनाच्या किंवा झोपेच्या त्रासासाठी सध्या काही औषध चालू आहे का? हो म्हणणाऱ्याचा हिशेब वेगळा.

दुसरी जागा, ‘खरं निदान’ कशाने ठरवलं. नैराश्याला रक्ताची तपासणी नाही. मुलाखत हीच कसोटी, आणि मुलाखती वेगवेगळ्या. पीएचक्यू-९ च्या बाबतीत याचा फरक मोजला गेला आहे. रेघ तीच, १०. जाणकाराच्या अर्धरचित मुलाखतीशी ताडलं तर संवेदनशीलता ८८ टक्के. लिहिलेले प्रश्न जसेच्या तसे वाचून दाखवणाऱ्या पूर्णरचित मुलाखतीशी ताडलं तर ७० टक्के. प्रश्नावली बदलली नाही, गज बदलला. स्वस्तात काम व्हावं म्हणून प्रशिक्षणार्थींकडून वाचून घेतलेली मुलाखत वापरली तर आकडा खाली जाईल आणि दोष दोन प्रश्नांच्या माथी मारला जाईल. आणि मुलाखत घेणाऱ्याच्या हातात आशाताईंचा कागद नको. ‘५ गुण’ वाचून आत गेलेला माणूस नैराश्य शोधतोच. शिवाय प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दल असल्याने मुलाखत त्याच दिवशी, फार तर आठवड्यात व्हावी. महिन्याने गेलात तर दुसऱ्याच पंधरवड्याची चौकशी करून याल.

तिसरी जागा सगळ्यांत फसवी, आणि ती पैशांमुळे येते. मुलाखत महाग, म्हणून सगळे पॉझिटिव्ह आणि थोडेच निगेटिव्ह तपासायचे, हा नेहमीचा मार्ग. वरचेच आकडे घेऊ: १६८ पॉझिटिव्ह, ८३२ निगेटिव्ह. पॉझिटिव्ह सगळे मुलाखतीला आणि निगेटिव्हांतून दहांत एक, म्हणजे ८३, चिठ्ठ्या टाकून. सुटलेले ८ जण ८३२ मध्ये विखुरलेले आहेत, तेव्हा ८३ मध्ये साधारण एक सापडेल. आता हातात आलेले कागद जसेच्या तसे मोजले तर आजारी एकूण २३, त्यांत चाळणीने पकडलेले २२: संवेदनशीलता ९६ टक्के! आणि निरोगी २२८, त्यांत निगेटिव्ह ८२: विशिष्टता ३६ टक्के. दोन्ही आकडे साफ खोटे, पण पहिला इतका गोड की तोच गोषवाऱ्यात जातो.

बरोबर हिशेब असा: निगेटिव्हांतला प्रत्येक माणूस दहांचा प्रतिनिधी आहे, म्हणून त्याला दहाने गुणायचं. सुटलेला एक म्हणजे १०, निरोगी ८२ म्हणजे ८२०. संवेदनशीलता ३२ मध्ये २२, म्हणजे ६९ टक्के, विशिष्टता ८५. मूळच्या जवळ आलो. पण किती हलक्या धाग्यावर! चिठ्ठ्यांमध्ये तो एकही जण आला नसता तर संवेदनशीलता १०० टक्के, दोन आले असते तर ५२ टक्के. दोन माणसांनी आकडा जवळजवळ अर्धा होतो. म्हणून कुठल्याही अहवालात मी आधी संवेदनशीलता बघत नाही, ‘निगेटिव्हांपैकी किती जणांची मुलाखत झाली’ हे बघतो. ते लिहिलेलं नसेल तर पुढचं वाचायची घाई नसते.

रेघही आधी लिहून ठेवायला हवी. आकडे हाती आल्यावर २, ३, ४ अशा सगळ्या रेघा लावून जी शोभून दिसते तेवढीच छापणं हा या क्षेत्रातला जुना आजार आहे. तिन्ही रेघांचे आकडे, प्रत्येकाच्या अनिश्चिततेसकट, छापा. निवड वाचणाऱ्याला करू द्या. कदाचित निघेल की आपल्याकडे २ हीच रेघ योग्य, आणि २ पडले की समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने तिथेच उरलेले सात प्रश्न विचारावेत. मघाच्याच २०२० च्या हिशेबात या दोन पायऱ्यांना मिळून ८२ टक्के संवेदनशीलता आणि ८७ टक्के विशिष्टता मिळाली होती, एकट्या पीएचक्यू-२ च्या ३ वरच्या रेघेपेक्षा दोन्ही सरस. मात्र आपल्या १,००० माणसांत रेघ २ वर आणली तर पहिल्या पायरीवर साडेतीनशेच्या आसपास अडकतील, आणि त्या प्रत्येकाला पाच-सात मिनिटं द्यायची तर तो वेळ कुणाच्या डोक्यावरून काढायचा, हे आधी सांगावं लागेल. तोवर, नवा अभ्यास होईपर्यंत, फॉर्मवर ‘३ किंवा जास्त’ एवढी दुरुस्ती तरी करायला कुठल्या समितीची वाट पाहायची गरज नाही.

आणि अभ्यास केवढा? संवेदनशीलता दहा टक्के इकडेतिकडे एवढ्या नेमकेपणाने हवी तर साधारण ७२ आजारी माणसं लागतात. ३ टक्के प्रमाण धरलं तर तिशीपुढची २,४०० माणसं, म्हणजे सपाटीवरच्या ५,००० लोकवस्तीच्या एखाद्या उपकेंद्राएवढी. त्यांत ४०० च्या आसपास पॉझिटिव्ह निघतील. ते सगळे आणि निगेटिव्हांतले निम्मे, म्हणजे आणखी १,०००, मुलाखतीला घ्यायचे. निम्मेच घेतल्याने दहाचे फार तर पंधरा टक्के होतात. १,४०० मुलाखती, एका माणसाच्या दिवसाला सहा, मुलाखत घेणारे तिघे: अठ्ठ्याहत्तर कामाचे दिवस. पेरणी आणि काढणी टाळून, दुपारी दोननंतर, घरात दुसरं कुणी ऐकत नसेल अशा खोलीत.